दोन कार्यक्रमांच्या मध्ये

स्नेहसंमेलनात एक कार्यक्रम संपतो आणि पडदा पडतो. पडद्यामागे पुढच्या कार्यक्रमाची धावपळ चालू असते. त्या वेळी पडद्यापुढे एकच जण उभा असतो. तो म्हणजे निवेदक. मुशायऱ्यात हेच काम नाजिम करतो. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तेथे आनंद देशमुख यांनी अनेक वर्षे निवेदन केले.

पुष्कळ मुलांना वाटते की निवेदन म्हणजे कौतुक. माझे मत वेगळे आहे. निवेदकाने दोन कार्यक्रम जोडावेत. कौतुक करायला प्रेक्षकांच्या टाळ्या आहेतच.

आमच्या संमेलनात कव्वालीनंतर कोळीनृत्य होते. आठवीतल्या एका मुलीने लिहून आणले, "किती सुंदर कव्वाली! आता सादर होत आहे सुंदर कोळीनृत्य." मी विचारले, "या दोन्हींत सारखे काय आहे?" ती थोडा वेळ थांबली व म्हणाली, "सर, ताल!" मग तिने नव्याने लिहिले, "आत्ता आपण टाळ्यांचा ताल ऐकलात. असाच ताल समुद्रावरही असतो. तेथे तो वल्ह्यांचा असतो. वल्ही मारत येत आहेत सातवीचे कोळी!"

यात नाव शेवटी आले, हे लक्षात घ्या. नाव ऐकताच प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ते आधी घेतले, तर पुढची वाक्ये त्या आवाजात बुडून जातात. असे निवेदन वीस ते तीस सेकंदांत संपावे. प्रेक्षक आपापसांत बोलू लागले, की ते लांबले असे समजावे.

प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळे कार्ड करावे. वरच्या बाजूला पुढच्या कार्यक्रमाची ओळख लिहावी आणि खालच्या बाजूला तो संपल्यावर बोलायचे वाक्य लिहावे. आमच्या संमेलनात नृत्याचे कपडे वेळेवर आले नाहीत, म्हणून नाटिका आधी घ्यावी लागली. सगळे निवेदन एकाच कागदावर असते, तर गोंधळ झाला असता. त्या मुलीने फक्त कार्डे पुढेमागे केली आणि जोडणारे एक वाक्य बदलले. नाटिका पाण्याच्या टंचाईवर होती. ती संपल्यावर ती म्हणाली, "येथे घागरभर पाण्यासाठी भांडण झाले. आता चला, जेथे पाणीच पाणी आहे तेथे!"

पडदा उघडायला उशीर झाला, तर एक कोडे जवळ असावे. विंगेतून हाताची खूण आल्याशिवाय मात्र पुढचे नाव घेऊ नये. नाव घेतले आणि पडदा उघडलाच नाही, तर हसू होते.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. उर्दूत 'ळ' नाही. म्हणून 'टाळ्या' आणि 'कोळी' हे शब्द घरी मोठ्याने म्हणून पाहावेत. जो शब्द जिभेवर बसत नाही, त्याच्या जागी सोपा शब्द घ्यावा.