चार मिनिटे, चार बाटल्या

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी फोन आला. आमच्या भागातल्या उपकेंद्रावर कित्येक वर्षे काम केलेल्या नर्सबाई वारल्या होत्या. तेरवीच्या दिवशी अमडापूरला छोटीशी शोकसभा ठेवली होती आणि मुलाची इच्छा होती की मी दोन शब्द बोलावेत. "तुम्ही त्यांच्यासोबत काम केलंय सर," तो म्हणाला. मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की बाईंच्या घराचा उंबरा मी आयुष्यात एकदाही ओलांडलेला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. पल्स पोलिओची फेरी आली की आमच्या शाळेत बूथ लागे. त्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस घरोघर फिरताना आमचा संबंध यायचा, तेवढाच. त्यांना काय आवडे, त्या घरी कशा होत्या, देवाधर्माचे करीत की नाही, यातले मला काही ठाऊक नव्हते. बल्लाळदेवीच्या टेकडीच्या पायथ्याशी कधी भेट झाली तरी "सर, पुढच्या रविवारी बूथ आहे, विसरू नका," एवढेच बोलणे.

अशा माणसाबद्दल बोलायचे तर आपण काय करतो? विशेषणे वापरतो. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, निगर्वी, आणि शेवटी ती कधीही भरून न निघणारी पोकळी. आमच्याकडे स्मशानातसुद्धा चिता पेटल्यावर मंडळी सावलीला बसतात आणि चार-पाच जण बोलतात. मी अशी भाषणे पुष्कळ ऐकली आहेत, दोन-चार केलीही आहेत, आणि आता कबूल करतो की त्यांतले एखादे भाषण उचलून दुसऱ्या मयताला लावले असते तरी कोणाच्या ध्यानात आले नसते. घरच्यांच्या मात्र येते. बोलणारा विशेषणांवर असतो तेव्हा ते जमिनीकडे बघत बसतात. त्याने एखादी खरी गोष्ट सांगितली की मान वर होते. तेवढी खूण पुरेशी आहे.

माझे मत असे झाले आहे, की कामापुरती ओळख असलेल्याने कामापुरतेच बोलावे. घरातली बाई घरच्यांना आपल्यापेक्षा शतपट अधिक ठाऊक असते. पण भर उन्हात खांद्याला निळा डबा अडकवून वस्तीवर गेलेली बाई त्यांनी पाहिलेली नसते. ती आपण पाहिलेली असते. तेवढीच त्यांच्या हाती द्यावी.

1915 च्या फेब्रुवारीत गोपाळ कृष्ण गोखले पुण्यात वारले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले, स्मशानात गेले आणि बोलले. दोघांचा संबंध सारा कामातला, आणि अर्ध्याहून अधिक भांडणातला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून सुरतेच्या काँग्रेसपर्यंतचे वाद साऱ्या देशाला ठाऊक होते. टिळक थोडेच बोलले. टाळ्या वाजवणाऱ्यांना ही वेळ टाळ्यांची नसून आसवांची आहे असे त्यांनी बजावले, आणि देशसेवक म्हणून गोखल्यांची थोरवी सांगून लोकांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितले. जे काम उभ्या देशाने पाहिले होते त्यावरच ते बोलले. आपण टिळक नव्हे, पण एवढे पथ्य आपल्यालाही पाळता येईल.

तर मी कामाला लागलो. आधी मुलाला फोन करून तीन गोष्टी विचारल्या. पूर्ण नाव कसे घ्यायचे, नोकरी कधी लागली आणि निवृत्ती कधी झाली. घरात सगळे "पस्तीस वर्षे सेवा" म्हणत होते. शोकसभेच्या फलकावरही तेच लिहायचे चालले होते. मी म्हटले, सेवापुस्तकाची झेरॉक्स असेल तर बघा. ती निघाली. रुजू 1987, निवृत्त 2019. म्हणजे बत्तीस वर्षे. तीन वर्षांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण सभेत त्यांच्याबरोबर रुजू झालेल्या दोघी-तिघी बसणार होत्या. पहिलाच आकडा चुकला की पुढचे सगळे त्यांना सैल वाटू लागते. एका कार्यकर्त्याने "बाईंनी पाच हजार बाळंतपणं केली असं सांगा" अशी सूचना केली. उपकेंद्राच्या रजिस्टरात नोंदी असतील, पण मी त्या मोजल्या नव्हत्या आणि त्यानेही नव्हत्या. तो आकडा मी गाळला.

मग गोष्ट. एकच सांगायची, आणि शक्यतो आपल्या डोळ्यांदेखत घडलेली. माझ्याकडे एक होती, पण ती सांगायला सोपी नव्हती.

पोलिओचा डोस तोंडाने देण्याचा, दोन थेंबांचा. एका बाटलीत वीस मुलांचे डोस. लस उष्णतेने निकामी होते, म्हणून ती बर्फाच्या पॅकसह डब्यात, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये ठेवतात. बाटलीवर एक छोटे वर्तुळ असते आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस चालते. बाटलीला जसजशी ऊब लागत जाते तसतसा चौकोन गडद होतो आणि तो पुन्हा कधी फिकट होत नाही. वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली बाद. बाटलीतले औषध मात्र दिसायला जसेच्या तसे.

एप्रिलमधल्या एका फेरीत रविवारी बूथ संपल्यावर न फोडलेल्या चार बाटल्या उरल्या. डबा त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्रावर पोचवायचा होता. तो टिनाच्या छपराखालच्या खोलीत, कपाटात राहिला. बुधवारी दुपारी वीटभट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्यांपाशी आमच्या जवळची लस संपत आली. पुष्कळ मुले बाकी होती आणि ती माणसे दुसऱ्या दिवशी पहाटे गावी निघणार होती. मी शाळेतून तो डबा आणवला आणि म्हटले, "या चार आहेत की!" बाईंनी एकेक बाटली उजेडात धरली. "सर, चौकोन गेला." मी म्हणालो, "थोडासाच तर गडद आहे, कोणाला कळतंय?" त्या म्हणाल्या, "माझ्या पोराला मी हे पाजलं नसतं." चारही बाटल्या वेगळ्या पिशवीत गेल्या, वहीत नोंद झाली. राहिलेल्या झोपड्यांच्या दारांवर त्यांनी खडूने फुली मारली. मुले बाकी असली की फुली आणि सगळी झाली की 'पी', अशी खूण असते. मी घरी गेलो.

संध्याकाळी त्या नवी लस घेऊन परत भट्टीवर गेल्या, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पायी गेल्या, अंधारात बॅटरीच्या उजेडात सत्तर मुलांना डोस दिले. वर्षही मी 2002 सांगत असे. पण त्या संध्याकाळी मी तिथे नव्हतो. तेव्हा सोबत असलेल्या अंगणवाडीच्या ताईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकेक खिळा काढला. पायी नाही, सुपरवायझरच्या मोटारसायकलवर. अंधार नव्हता, दिवस मावळत होता. मुले सत्तर नाही, सत्तावीस. शाळेच्या आदेशांच्या फायलीत पाहिले तर वर्ष निघाले 2004. बॅटरी कुठून आली, देव जाणे. इतकी वर्षे सांगताना मीच ती लावली असणार.

गोष्ट लहान झाली, पण आता ती कोणासमोरही सांगता येण्यासारखी होती. मी उठलो तेव्हा ताई म्हणाल्या, "डबा कोणाकडून राहिला होता, ते सांगणार का सर?"

डबा माझ्याकडून राहिला होता. मी लिहून काढलेल्या मजकुरात "डबा शाळेत राहून गेला" असे होते, जणू तो आपल्या पायांनी कपाटात गेला. रात्री ते वाक्य बदलले. नाहीतर त्या गोष्टीत बाईंनी काय केले हेच कळत नाही. त्यांनी चूक कोणाची हे पाहिले होते, समोर उभ्या असलेल्या माणसाला "नाही" म्हटले होते, आणि वहीत बाटल्या बाद झाल्याचे कारण लिहिले होते, माझे नाव लिहिले नव्हते. गोष्ट सांगण्याआधी मी ती मुलालाही ऐकवली. आईचे वाक्य त्याच्या नावाने होते. चारचौघांत ते ऐकून त्याला चालेल का हे विचारणे भाग होते. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सांगा."

सभेत जे बोललो ते साधारण असे होते:

"बाईंना मी कामावरच ओळखत होतो, घरी कधी गेलो नाही. त्यामुळे घरातल्या बाईंबद्दल मी बोलणार नाही. त्या 1987 साली रुजू झाल्या आणि 2019 साली निवृत्त झाल्या. बत्तीस वर्षे. 2004 च्या एप्रिलमध्ये माझ्या चुकीने लसीच्या चार बाटल्या तीन दिवस उन्हाळ्यात कपाटात राहिल्या..." आणि मग वर सांगितली ती गोष्ट, जशीच्या तशी. शेवटी दोनच वाक्ये जोडली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्या देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ते काम लाखो माणसांनी केले, आणि त्यांतल्या एक बाई आपल्याकडे होत्या.

"बाईंनी पोलिओ घालवला" असे म्हणण्याचा मोह झाला होता. टाळ्या पडल्या असत्या. पण बाईंना ते ऐकवले नसते, आणि ते खरेही नव्हते.

वाचून दाखवले असते तर चारशे शब्द, म्हणजे साधारण चार मिनिटे. कागद हातात ठेवला होता, कारण नाव आणि वर्षे यांच्याबाबत अशा वेळी पाठांतरावर विसंबता येत नाही. गळा एकदाच दाटला, आणि तो नेमका "माझ्या चुकीने" या शब्दांशी. तिथे मी थांबलो, पाणी प्यालो. कोणी काही म्हटले नाही. माझ्यानंतरचे वक्ते पंचवीस मिनिटे बोलले. त्यातली पंधरा त्यांच्या स्वतःच्या कार्याची होती. असो.

सभा संपल्यावर ओळखीच्या एकाने बाजूला घेऊन विचारले, "सर, ते चुकीचं कशाला सांगितलं? कोणाला माहीत होतं?" ताई जवळच उभ्या होत्या. त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले.

मंडळी पांगली. मुलगा चप्पल घालून माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. त्याला आईच्या नोकरीतले फार थोडे ठाऊक होते. ती सकाळी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी दमून यायची, एवढे. तो म्हणाला, "सर, ती वीटभट्टी कुठली?"

भट्टी आता नाही. तिथे सोयाबीन उभे होते. मी हात करून जागा दाखवली. मग तो म्हणाला, "जवळून दाखवाल का?" आणि आम्ही दोघे त्या बाजूला चालू लागलो.