देखभाल शुल्काचा आकडा करारात हवा

माझी भाची नोकरीनिमित्त नोएडाला गेली आणि तिने तेथील एका बहुमजली संकुलात सदनिका भाड्याने घेतली. भाडे ३२,००० रुपये, मुदत अकरा महिने. करारात देखभाल शुल्काविषयी एकच ओळ होती: ते ‘प्रत्यक्षात जे असेल त्याप्रमाणे’ भाडेकरूने भरावे. आकडा विचारला तेव्हा घरमालकाने तोंडी ७,२०० रुपये सांगितला, आणि तो खोटा नव्हता. सदनिका १,५०० चौरस फुटांची, दर चौरस फुटाला ४ रुपये ८० पैसे. गुणाकार बरोबर येतो. सही करताना मी तिच्या शेजारी बसलो होतो. राष्ट्रीय धोरणांवर नित्य लिहिणाऱ्या या मामाला त्या ओळीत काही वावगे दिसले नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

चौथा महिना संपता संपता लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली. सदनिकाधारकांच्या संघाने दर ५ रुपये २० पैसे केला होता. वाढ चौरस फुटामागे ४० पैशांची, म्हणजे जेमतेम आठ टक्क्यांची. नवे शुल्क ७,८०० रुपये व्हायला हवे होते. बिल मात्र आले ९,२०४ रुपयांचे. मधला फरक वस्तू व सेवा कराचा. रहिवासी संघ आपल्या सदस्यांकडून दरमहा दर सदनिकेमागे ७,५०० रुपयांपर्यंत घेतो तोवर त्यावर हा कर लागत नाही. रक्कम त्यापुढे गेली आणि संघाची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली की १८ टक्के कर लागू होतो. मोठ्या संकुलात ही उलाढाल सहज ओलांडली जाते. करखात्याच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार हा कर केवळ वरच्या रकमेवर नव्हे, तर संपूर्ण रकमेवर आकारायचा. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच्या उलट, फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवरच कर लागतो असा निर्णय दिला. तो हिशेब धरला असता तर कर ५४ रुपये झाला असता. या संघाने परिपत्रक धरले आणि कर झाला १,४०४ रुपये. आठ टक्क्यांची दरवाढ भाचीच्या खिशापर्यंत येताना जवळजवळ अठ्ठावीस टक्क्यांची झाली. उरलेल्या सात महिन्यांत तिला १४,०२८ रुपये जादा मोजावे लागले.

तिने घरमालकाला फोन केला. त्याचे उत्तर शांत आणि कायद्याला धरून होते: दर मी ठरवत नाही, संघ ठरवतो, आणि करारात तर ‘प्रत्यक्षात असेल त्याप्रमाणे’ असेच लिहिले आहे. ती संघाच्या कार्यालयात गेली. तेथे तिला सांगण्यात आले की सर्वसाधारण सभेत मत घरमालकांना असते, भाडेकरूंना नाही. तुमचे म्हणणे मालकामार्फत पाठवा. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती आणि दोहोंच्या मधल्या जागेत भाडेकरू उभी होती. न भरण्याचा मार्गही तिला नव्हता. दिल्लीभोवतालच्या अनेक संकुलांत विजेचे मीटर आगाऊ रक्कम भरून चालणारे असतात आणि त्याच मीटरमधून देखभाल शुल्कही रोज थोडे थोडे वळते होते. वाद घालून रक्कम रोखली, तर शिल्लक संपते आणि घरात अंधार होतो.

या साऱ्यात तोंडी सांगितलेल्या ७,२०० रुपयांचे काय? व्यवहार लेखी झाला की त्यातील अटींच्या विरुद्ध जाणारी तोंडी बोलणी पुरावा म्हणून सहसा ग्राह्य धरली जात नाहीत. जुन्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. ‘प्रत्यक्षात जे असेल ते’ असे लिहून दिल्यावर ‘पण तुम्ही ७,२०० म्हणाला होता’ या वाक्याला वजन उरत नाही.

कायद्याने येथे किती आधार दिला आहे, तेही पाहू. घरभाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत करून राज्यांकडे पाठवला. तमिळनाडूने त्यापूर्वी, तर उत्तर प्रदेश आणि आसामने २०२१ मध्येच आपापले कायदे केले. आदर्श मसुद्यात भाडेवाढीची तरतूद स्पष्ट आहे: ती कराराप्रमाणे व्हावी, आणि करारात तसे काही नसेल तर तीन महिने आधी लेखी सूचना द्यावी. अनामत रक्कम निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, हेही त्यात आहे. मालक वा व्यवस्थापक यांनी वीज, पाणी, लिफ्ट अशा अत्यावश्यक सेवा तोडू नयेत, असेही बजावले आहे. परंतु संघाला द्यावयाच्या देखभाल शुल्काला कमाल मर्यादा नाही. ते कराराच्या भरवशावर सोडलेले आहे. भाड्याच्या वाढीला तीन महिन्यांची सूचना, आणि देखभाल शुल्काच्या वाढीला लिफ्टशेजारचा कागद, असा हा भेद आहे.

मराठी वाचकाला हे सारे काहीसे अनोळखी वाटेल. मुंबईत सोसायटीचे शुल्क मालकाने भरायचे आणि भाडेकरूने ठरलेले भाडे द्यायचे, हीच सर्वसाधारण रीत आहे. महाराष्ट्रात सहकारी सोसायट्यांना सदनिका भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून घ्यावयाच्या बिनभोगवटा शुल्कावरही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. त्या सवयीचा माणूस नोएडा, गुरुग्राम किंवा बेंगळुरूला जातो, भाड्याचा आकडा पाहतो आणि देखभालीची ओळ वाचूनही तिच्यावर थांबत नाही. आम्हीही थांबलो नाही.

सही करण्यापूर्वी मालकाला ‘देखभाल शुल्क कायमचे गोठवा’ असे सांगून उपयोग नाही. तो संघाचा दर गोठवू शकत नाही आणि त्याने तसे लिहून दिले तरी संघ त्या कागदाने बांधला जात नाही. संघ त्या कराराचा पक्षच नाही. मालकाकडून लिहून घ्यायचे ते वेगळे आहे: भाडेकरूचा वाटा अमुक रुपयांपर्यंत, कर धरून, आणि त्यावरची प्रत्येक वाढ मालकाची. दर त्याच्या हातात नसला, तरी वाढीचा भार कोणी सोसायचा हे पूर्णपणे त्याच्या हातात आहे. आणि ते न्याय्यही आहे. सभेत मत मालकाला आहे, जमाखर्च मागण्याचा हक्क मालकाला आहे, चांगल्या देखभालीने किंमत वाढते ती मालकाच्या मालमत्तेची.

सर्वांत सोपा मार्ग एकच एकत्रित भाडे ठरवण्याचा. मालक त्याला बहुधा नकार देतात आणि त्यांच्या नकारात तथ्य असते. देखभालीचे ८,००० रुपये भाड्यात मिसळले की ते त्याचे घरभाड्याचे उत्पन्न ठरते. त्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट जाऊन उरलेल्या ५,६०० रुपयांवर, तीस टक्क्यांच्या टप्प्यातील मालकाला, उपकर सोडूनही दरमहा १,६८० रुपये कर पडतो. आणि ते ८,००० तर त्याला संघाला द्यायचेच असतात. भाडेकरूच्या बाजूनेही एक गाठ आहे: पुढच्या वर्षीची ठरलेली टक्केवारीची वाढ मग देखभालीच्या रकमेवरही बसते. म्हणून दोन रकमा वेगळ्या ठेवून दुसरीला कमाल मर्यादा घालणे, हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो.

मात्र मर्यादा लिहून घेतली तरी मीटर तिला ओळखत नाही. संघ वाढीव रक्कम वळती करणारच. म्हणून त्याच कलमात पुढचे वाक्य हवे: मर्यादेवरील रक्कम भाडेकरूला भरावी लागल्यास ती बिलाची प्रत देऊन पुढील महिन्याच्या भाड्यातून वजा करता येईल, आणि त्यापोटी अनामतीतून काहीही कापले जाणार नाही. हे वाक्य नसेल तर घर सोडताना हिशेब मालकाच्या बाजूने होतो, कारण पैसे तेव्हा त्याच्या हातात असतात. रंगकाम, लिफ्ट बदलणे, राखीव निधी अशी एकरकमी वर्गणी मालकाकडे राहील, हेही तेथेच लिहावे. अशी वर्गणी काही संघ मासिक बिलातच मिसळतात.

मर्यादा किती रुपयांची, हे मागील बिले पाहिल्याशिवाय कळत नाही. मालकाकडे शेवटच्या तीन महिन्यांची बिले मागावीत. शुल्क कोणत्या क्षेत्रफळावर आहे ते त्यांवर दिसते. ते बहुधा चटई क्षेत्रावर नसून जिने, व्हरांडे धरलेल्या मोठ्या क्षेत्रावर असते. बिल कोणाच्या नावाने येते तेही पाहावे. ते रहिवासी संघाचे नसून बिल्डरच्या देखभाल कंपनीचे असेल, तर ७,५०० रुपयांची करसवलत मुळातच लागू होत नाही. संकुल बिल्डरकडून संघाच्या ताब्यात जाण्याच्या बेतात असेल, तर दर बदलण्याची शक्यता अधिक. हे पहारेकऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही सांगते. विचारावे मात्र लागते.

या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हा करार मुदतीपुरताच बांधतो. बाराव्या महिन्यात मालक नव्या आकड्यावर बोलू शकतो. जेथे एका सदनिकेमागे पाच भाडेकरू रांगेत असतात, तेथे तो असे कलम वाचून सरळ नाही म्हणू शकतो. राज्यांना येथे फार थोडे करण्याजोगे आहे, पण ते परिणामकारक ठरेल: भाडे प्राधिकरणाकडे कराराची माहिती द्यायच्या नमुन्यात देखभाल शुल्काची चालू रक्कम आणि भाडेकरूची कमाल जबाबदारी असे दोन रकाने सक्तीचे करावेत. रिकामा रकाना दिसला की भाडेकरूला प्रश्न विचारण्याचे निमित्त मिळते आणि मालकाला तो अपमान वाटत नाही.

भाचीचा करार यंदा नव्याने झाला. तिने ९,५०० रुपयांची मर्यादा मागितली. मालकाने आधी ११,००० म्हटले. मग तिने गेल्या अकरा महिन्यांची बिले टेबलावर मांडली, आणि घासाघीस होऊन आकडा १०,००० वर ठरला, भाड्यातून वजावटीच्या वाक्यासह. सही झाल्यावर मालकाने तिच्याकडून त्या बिलांच्या प्रती मागून घेतल्या. येत्या सभेत दरवाढीचा विषय पुन्हा निघणार आहे आणि गेली तीन वर्षे सभेकडे न फिरकलेला हा गृहस्थ यंदा जाणार आहे.