स्क्रीनशॉटवरचा एसपीआय

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ऑफिसमधून येऊन चहा घेत होतो, तेवढ्यात मामेबहिणीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ऋता (नाव बदललंय) इथे बडोद्यातच इंजिनिअरिंग करते आणि त्या दिवशी मावशीकडे दादरला निघाली होती. गाडी नुकतीच भरूच सोडून पुढे गेली होती. मेसेजमध्ये निकालाच्या पानाचा एक स्क्रीनशॉट होता आणि खाली लिहिलं होतं: "दादा, आज रात्री बारापर्यंत इंटर्नशिपचा फॉर्म भरायचाय. किमान एसपीआय ७.५ पाहिजे. माझा ८.१७ येतोय ना?"

एसपीआय म्हणजे सत्राचा निर्देशांक. बडोद्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीशी म्हणजे जीटीयूशी संलग्न आहेत, तिथे हाच शब्द चालतो. महाराष्ट्रात त्यालाच एसजीपीए म्हणतात. निकालाच्या पानावर हा आकडा तळाशी छापलेला असतो, पण स्क्रीनशॉट घेताना नेमका तळ कापला गेला होता. मूळ पान उघडायला पुरेसं नेट गाडीत नव्हतं. म्हणून हिशोब करणं आलं.

तिला ८.१७ कुठून मिळाले ते लगेच कळलं. प्रत्येक ग्रेडचे गुणांक घेतले, बेरीज केली आणि विषयांच्या संख्येने भागलं. शाळेत सरासरी अशीच काढायला शिकवतात, त्यामुळे चूक अगदी स्वाभाविक आहे. पण इथे सगळे विषय सारख्या वजनाचे नसतात. पाच क्रेडिटचा विषय एक क्रेडिटच्या विषयापेक्षा पाचपट जड असतो. दुधात साखर किती पडली हे ठरवताना एक लिटरचं पातेलं आणि एक वाटी सारखीच धरून चालत नाही, तसंच हे.

हिशोबाआधी कोष्टक लागतं. जीटीयूच्या पद्धतीत AA म्हणजे १०, AB ९, BB ८, BC ७, CC ६, CD ५, DD ४ आणि नापास झाल्यास FF म्हणजे ०. हे कोष्टक समोर ठेवल्याशिवाय कुठलाही ग्रेड आकड्यात बदलू नका. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याच्या गुणपत्रिकेत O, A+, A, B+ अशी अक्षरं असतात. तिथे O चे १० आणि A चे ८. त्याचा A बघून कुणी "पहिलं अक्षर म्हणजे दहा" असं धरलं तर सगळा हिशोब कोसळेल.

मग मी स्क्रीनशॉट मोठा करून एकेक ओळ वहीत उतरवली. (विषय आणि क्रेडिट्स थोडी बदलून देतोय, हिशोबाची रीत तीच.)

| विषय | क्रेडिट | ग्रेड | गुणांक | क्रेडिट × गुणांक |
|---|---|---|---|---|
| प्रोबॅबिलिटी | ५ | BC | ७ | ३५ |
| डेटा स्ट्रक्चर्स | ५ | BB | ८ | ४० |
| डेटाबेस | ५ | CC | ६ | ३० |
| डिजिटल | ४ | BB | ८ | ३२ |
| टेक्निकल कम्युनिकेशन | २ | AA | १० | २० |
| डिझाइन | १ | AA | १० | १० |
| संविधान | ० | AB | ९ | ० |
| एकूण | २२ | | | १६७ |

आता शेवटच्या रकान्याची बेरीज भागिले क्रेडिटची बेरीज. १६७ भागिले २२ म्हणजे ७.५९. ऋताच्या ८.१७ पेक्षा बरंच कमी. तिचे दोन्ही AA हलक्या विषयांत होते, दोघांची मिळून क्रेडिट्स फक्त तीन. साध्या सरासरीत मात्र त्यांनी सहापैकी दोन जागा अडवल्या होत्या. संविधानाचा विषय पास व्हावाच लागतो, पण क्रेडिट शून्य असल्यामुळे तो एसपीआय ना वाढवतो ना कमी करतो.

ज्यांना वहीपेक्षा शीट आवडते त्यांनी B रकान्यात क्रेडिट आणि C रकान्यात गुणांक (अक्षर नव्हे, आकडा) लिहावेत आणि सात विषयांसाठी एवढंच टाकावं:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(B2:B8)
```

७.५९ म्हणजे ७.५ च्या वर. आनंदाने "भरून टाक" असं लिहिणार होतो, पण रोजच्या कामातली एक सवय आडवी आली. इनपुट तपासल्याशिवाय आउटपुटवर विश्वास ठेवायचा नाही.

पहिली तपासणी क्रेडिटच्या बेरजेची. मी तिला विचारलं, "या सेमिस्टरला एकूण क्रेडिट्स किती आहेत?" तिने सांगितलं, बावीस. माझी बेरीजही बावीस. म्हणजे कापलेल्या तळाबरोबर एखादा विषय गेला नव्हता आणि क्रेडिटचा कुठला आकडा मी चुकीचा वाचला नसावा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण स्क्रीनशॉटवरून हिशोब करताना तीच सगळ्यात जास्त वेळा वाचवते.

मात्र या बेरजेतून अक्षराची चूक पकडता येत नाही. ग्रेड चुकीचा वाचला तरी क्रेडिट्स बावीसच राहतात. म्हणून मी एकेक अक्षर पुन्हा पाहिलं. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. डेटाबेसच्या ओळीतलं दुसरं अक्षर मला C वाटलं होतं. मोठं केल्यावर ते D सुद्धा वाटायला लागलं. C ची उघडी बाजू बंद आहे की ती नुसती धूसर आहे, ते काही केल्या ठरेना.

अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा दोन्ही उत्तरं काढून बघावीत. CD असेल तर पाचाला पाचाने गुणून पंचवीस, म्हणजे एकूण बेरीज १६७ ऐवजी १६२. भागिले २२ म्हणजे ७.३६. एका अक्षराने किती फरक पडतो हे आधीच सांगता येतं: त्या विषयाची क्रेडिट्स भागिले एकूण क्रेडिट्स. इथे पाच भागिले बावीस, सुमारे ०.२३. हेच एक क्रेडिटच्या डिझाइनमध्ये झालं असतं तर जेमतेम ०.०५ चा फरक पडला असता आणि मी तेवढी चिंता केली नसती. फॉर्मची अट ७ ची असती तरी दोन्ही उत्तरं चालली असती. पण ७.५ ही रेषा ७.५९ आणि ७.३६ च्या बरोबर मध्ये होती.

मी लिहिलं, "थांब, अजून भरू नकोस. नेट आलं की तोच स्क्रीनशॉट फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

सुरतला फाइल आली. स्वच्छ CD होता.

थोड्या वेळाने तिने निकालाचं पान पुन्हा उघडलं आणि तळाची ओळ पाठवली. छापलेला एसपीआय ७.३६. हिशोब जुळला, पण त्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "दादा, मी ७.५९ भरले असते तर? स्क्रीनशॉटवरून तसंच दिसत होतं ना."

मी म्हटलं, "आज फॉर्म गेला असता. पण पुढे गुणपत्रिका मागतात. तिथे ७.३६ दिसले की फॉर्म बाद होतो, आणि मुद्दाम खोटं भरलं असं त्यांना वाटतं ते वेगळंच."

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला किती कमी पडले?"

हा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर नेमकं निघतं. ७.५ साठी साडेसात गुणिले बावीस म्हणजे १६५ हवेत. तिच्याकडे १६२. तीन कमी. पाच क्रेडिटच्या कुठल्याही एका विषयात ग्रेड एक पायरी वर गेला तर पाच मिळतात, चार क्रेडिटच्या डिजिटलमध्ये चार मिळतात. दोन्ही पुरतात. हलक्या दोन विषयांत ती आधीच सगळ्यात वर आहे, तिथून काही मिळणार नाही. म्हणजे पेपर पुन्हा तपासायला द्यायचा तर या चार विषयांपैकीच एक. तिला डेटाबेसचा पेपर बराच बरा गेला होता, म्हणून तिने त्याचा अर्ज करायचं ठरवलं. ग्रेड वाढेल की नाही ते कोण सांगणार? पण फी कुठल्या विषयावर खर्च करायची ते तरी ठरलं.

निघता निघता दोन गोष्टी, कारण घरोघरी हे प्रश्न येतात. एखाद्या विषयात FF असेल तर त्याचे गुणांक शून्य धरायचे, पण त्याची क्रेडिट्स खालून काढायची नाहीत. ऋताला समजा डिजिटलमध्ये FF असता, तर वर १३० आणि खाली बावीसच, म्हणजे ५.९१. कुणी ती चार क्रेडिट्स गाळली तर ७.२२ येतात, आणि घरात उगाच पेढे वाटले जातात. दुसरं म्हणजे टक्केवारी. ७.३६ म्हणजे ७३.६ टक्के असं समजू नका. जीटीयूच्या सूत्रात निर्देशांकातून आधी अर्धा वजा करून मग दहाने गुणतात, म्हणजे ६८.६. सीबीएसईच्या दहावीला पूर्वी ९.५ ने गुणायचे, तो नियम इथे लावायचा नाही. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं, ते गुणपत्रिकेच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात बघून घ्यावं.

त्या रात्री ऋताने ती इंटर्नशिप सोडली आणि ७ ची अट असलेल्या दुसऱ्या कंपनीचा फॉर्म भरला. एसपीआयच्या चौकटीत ७.३६ लिहिले आणि दादर यायच्या आत सबमिट केला. उतरल्यावर मला मेसेज आला: "दादा, पोचले. आणि हो, पुढच्या वेळी स्क्रीनशॉट तळापर्यंत घेईन."

तुमच्या घरातल्या गुणपत्रिकेचं काही कोडं असेल तर जरूर पाठवा. फक्त कोष्टकासकट पाठवा, आणि डॉक्युमेंट म्हणून! भेटू पुढच्या अंकात.