विश्लेषण: हजारो तासांचा अनुभव, तरी विमान उडवता येत नाही? वैमानिकाचा ‘बायोडेटा’ कसा तपासला जातो?

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचे तास ३६ वरून ४८ करणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नियम पूर्णपणे लागू झाले आणि कंपनीकडे वैमानिक कमी पडले. त्या वेळी समाजमाध्यमांवर एक प्रश्न वारंवार विचारला गेला. देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात असलेले कितीतरी तरुण नोकरीच्या शोधात आहेत. एकट्या २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) असे १,६२२ परवाने दिले. मग त्यांनाच तातडीने का घेतले नाही? या प्रश्नाचे उत्तर वैमानिकाचा बायोडेटा कसा वाचला जातो, यात आहे.

परवाना म्हणजे नोकरीची पात्रता नव्हे का?

व्यावसायिक वैमानिक परवाना (सीपीएल) मिळण्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात. पण हे तास बहुतेक वेळा सेसना किंवा डायमंडसारख्या दोन-चार आसनी विमानांवरचे असतात. अशा वैमानिकाला १८० प्रवाशांचे एअरबस ए३२० उडवता येत नाही, कारण प्रत्येक मोठ्या विमानासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. या नोंदीला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात.

टाइप रेटिंगमध्ये आधी वर्गातले शिक्षण, मग सिम्युलेटरवरचा सराव आणि परीक्षा असते. त्यानंतर नवख्या वैमानिकाला प्रवाशांविना खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग करून दाखवावे लागते. मग प्रवासी उड्डाणांवर प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून ठरावीक उड्डाणे होतात आणि अखेरच्या तपासणीनंतर त्याला ‘लाइन रिलीज’ मिळतो. तेव्हाच तो कोणत्याही कॅप्टनबरोबर उडू शकतो. थोडक्यात, परवाना ही पहिली पायरी आहे. कंपनीला हवा असतो तो लाइन रिलीज झालेला वैमानिक.

तासांचा आकडा फसवा कसा?

बायोडेटात सर्वात ठळक असतो तो एकूण तासांचा आकडा. निवड करणारे मात्र त्याची लगेच फोड करतात. त्यात विमानाचा प्रमुख म्हणून (पी-१) किती, सहवैमानिक म्हणून (पी-२) किती, ज्या विमानासाठी जागा आहे त्या प्रकारावर किती आणि गेल्या वर्षभरात किती, हे पाहिले जाते. कॅप्टनच्या जागेसाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना (एटीपीएल) लागतो आणि त्यासाठी किमान १,५०० तास हवेत. तीन हजार तास असूनही ते सगळे पी-२ असतील, तर त्या वैमानिकाची थेट कॅप्टन म्हणून निवड होणे अवघड असते. सहवैमानिकाच्या जागेसाठी मात्र तेच तास भक्कम ठरतात.

आकडा खरा आहे का, हे साध्या भागाकारानेही कळते. भारतात वैमानिकाला ३६५ दिवसांत १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. कोणी अडीच वर्षांत एअरबसवर २,९५० तास लिहिले असतील, तर वर्षाची सरासरी १,१८० तास येते, म्हणजे नोंद कुठेतरी चुकलेली तरी आहे किंवा फुगवलेली तरी. तेच तास चार वर्षांत झाले असतील, तर सरासरी साधारण ७४० येते आणि ती पटण्यासारखी आहे. शंका आली की लॉगबुकमधील तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि कंपनीच्या उड्डाण नोंदी एकमेकांशी ताडून पाहतात.

परवान्याची मुदत आणि ‘चालू’ असणे यात फरक काय?

सर्वाधिक गल्लत इथेच होते. ऑक्टोबर २०२३ मधील दुरुस्तीनंतर सीपीएल आणि एटीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. त्यामुळे बायोडेटात ‘परवाना २०३१ पर्यंत वैध’ असे दिसते आणि वाचणारा निश्चिंत होतो. मात्र दहा वर्षांचा परवाना लहान मुदतीच्या अनेक अटींवर उभा असतो. एअरलाइनच्या वैमानिकाला वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर प्रावीण्य तपासणी (पीपीसी) द्यावी लागते. उपकरणांच्या आधारे उडण्याची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी दरवर्षी होते. प्रवासी घेऊन उडायचे तर गेल्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले असावे लागतात. यातले एक जरी चुकले तरी परवाना रद्द होत नाही, पण त्या दिवशी वैमानिक उडू शकत नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्राला इतके महत्त्व का?

परवाना दहा वर्षांचा असला, तरी प्रथम श्रेणी (क्लास वन) वैद्यकीय प्रमाणपत्र साधारणपणे १२ महिन्यांचे असते. वयाच्या साठीनंतर ते सहा महिन्यांवर येते आणि ६५ नंतर प्रवासी सेवेत उडता येत नाही. दृष्टी, श्रवण, हृदयाचा आलेख, रक्तदाब, साखर अशा तपासण्या होतात. डॉक्टरांनी अहवाल दिल्यावर डीजीसीएचा वैद्यकीय विभाग तो पाहून अंतिम निर्णय देतो. ‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा आला, तर फेरतपासणीपर्यंत वैमानिक जमिनीवरच राहतो. म्हणूनच निवड करणारे प्रमाणपत्र आहे का एवढेच विचारत नाहीत. ते कधी संपते, त्यावर चष्मा किंवा अन्य अटींची नोंद आहे का आणि पूर्वी कधी अपात्रतेचा काळ होता का, हेही विचारतात.

एक जागा, तीन अर्ज: कोण निवडला जाईल?

हे सगळे एकत्र कसे लागू होते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. जागा आहे ए३२० विमानावरील सहवैमानिकाची. कंपनीला माणूस लवकरात लवकर उड्डाणावर हवा आहे.

अर्जदार ‘अ’ २४ वर्षांचा आहे. त्याच्याकडे २१५ तास आणि सीपीएल आहे. पाच महिन्यांपूर्वी त्याने स्वखर्चाने ए३२०चे टाइप रेटिंग केले. बायोडेटात ‘ए३२० रेटेड’ असे ठळक लिहिले आहे, पण खऱ्या ए३२०वर त्याचा एकही तास नाही. प्रवाशांविना उड्डाण, प्रशिक्षक कॅप्टनसोबतची उड्डाणे आणि लाइन रिलीज हे सगळे बाकी आहे.

अर्जदार ‘ब’ कडे २,४०० तास आहेत. त्यातले २,१५० एटीआर-७२ या पंख्यांच्या विमानावरचे आणि त्यापैकी ६०० पी-१ म्हणून. गेल्या आठवड्यातच तो उडाला आहे आणि सर्व तपासण्या चालू आहेत. मात्र त्याच्या परवान्यावर ए३२० नाही. त्याला टाइप रेटिंग पहिल्या वर्गापासून करावे लागेल.

अर्जदार ‘क’ कडे ३,३०० तास असून २,९५० ए३२०वरचे आहेत, सगळे पी-२. परवाना २०३१ पर्यंत आहे. मात्र कंपनी बंद पडल्याने शेवटचे उड्डाण १४ महिन्यांपूर्वी झाले. पीपीसीची मुदत गेली आहे, ९० दिवसांची अट तुटली आहे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र महिनाभरात संपते आहे.

नुसती कागदावरची वैधता पाहिली तर ‘ब’ सर्वात स्वच्छ दिसतो. ‘क’ चे तर तीन रकाने लाल आहेत. तरी या जागेसाठी पहिली पसंती ‘क’ ला मिळेल, कारण त्याचे दोष थोडक्या वेळात दूर होणारे आहेत. उजळणीचे वर्ग, सिम्युलेटरची काही सत्रे, पीपीसी आणि प्रशिक्षकासोबत काही उड्डाणे, असा काही आठवड्यांचा मार्ग त्याला पुरतो. ‘ब’ ला पूर्ण टाइप रेटिंग आणि लाइन प्रशिक्षणासाठी काही महिने लागतील. ‘अ’ चे वर्ग झाले असले, तरी अनुभव नसल्याने त्याचे लाइन प्रशिक्षण सर्वात लांब चालेल आणि तेवढा काळ एक प्रशिक्षक कॅप्टन त्याच्यासाठी अडकून राहील. तुटवडा असताना प्रशिक्षक कॅप्टनच सर्वात दुर्मीळ असतात.

‘क’ च्या निवडीला एक अट मात्र राहील. आधी वैद्यकीय नूतनीकरण, मग सिम्युलेटर. तो तात्पुरता अपात्र ठरला, तर सिम्युलेटरवर केलेला खर्च आणि वेळ दोन्ही वाया जातील. तसे झाले, तर ‘ब’ पहिला ठरेल.

तपासणी चुकली तर काय होते?

९ जुलै २०२४ रोजी एअर इंडियाच्या मुंबई-रियाध उड्डाणात प्रशिक्षक नसलेला कॅप्टन आणि लाइन रिलीज न झालेला सहवैमानिक एकत्र बसले. सुट्या-सुट्या पाहिल्या तर दोन्ही खुर्च्यांवर परवानाधारकच होते, पण अशा सहवैमानिकासोबत प्रशिक्षक कॅप्टनच हवा होता. कंपनीने स्वतःहून ही बाब डीजीसीएला कळवली. चौकशीनंतर कंपनीला ९० लाख रुपये, उड्डाण विभागाच्या संचालकांना सहा लाख आणि प्रशिक्षण विभागाच्या संचालकांना तीन लाख रुपये दंड झाला.

२०११ मधील गोव्याची घटना वेगळ्या प्रकारची होती. दिल्लीहून आलेले विमान मागच्या मुख्य चाकांऐवजी नाकाच्या चाकावर उतरवले गेले. त्यानंतरच्या चौकशीत वैमानिकाने एटीपीएल मिळवण्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचे उघड झाले आणि मग इतरांच्या कागदपत्रांचीही छाननी झाली. पाकिस्तानात २०२० मध्ये कराची दुर्घटनेनंतर तिथल्या हवाई वाहतूक मंत्र्यांनी संसदेत ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे सांगितले. त्यानंतर पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सला युरोपात चार वर्षांहून अधिक काळ उड्डाणबंदी सोसावी लागली.

आता तपासणी सोपी होईल?

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने वैमानिकांसाठी इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू केला. असे करणारा चीननंतरचा तो दुसरा देश ठरला. यामुळे परवाना खरा आहे का, त्यावर कोणती रेटिंग्ज आहेत, हे पडताळणे सोपे होईल आणि बनावट कागदाला जागा कमी राहील. पण मुंबई-रियाध उड्डाणात कागद बनावट नव्हता, जोडी चुकली होती. ती चूक रोखायची असेल, तर कोणत्या वैमानिकाचे प्रशिक्षण कुठल्या टप्प्यावर आहे ही माहिती ड्युटी लावणाऱ्या रोस्टर प्रणालीत असली पाहिजे आणि आयत्या वेळच्या बदलात तिने अशी जोडी अडवली पाहिजे. परवाना मिळालेल्या तरुणांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्यांना उड्डाणावर आणायचे, तर सिम्युलेटर आणि प्रशिक्षक कॅप्टन वाढवावे लागतील आणि प्रशिक्षक कॅप्टन घडायला सहवैमानिकापेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागतात.