पुट घेतला, तरी अकोल्याचा भाव उघडाच राहतो

सोयाबीन किंवा चणा कोठारात भरून ठेवणारा वऱ्हाडातला व्यापारी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत एकाच चिंतेत असतो. माल घेतला त्या भावाच्या खाली बाजार गेला तर काय? या चिंतेवर औषध म्हणून गेली काही वर्षे दलालांच्या पेढ्यांवर पुट ऑप्शनचे नाव ऐकू येते. माझे मत स्पष्ट सांगतो. साठा धरून बसलेल्या लहान व्यापाऱ्यासाठी पुट हे वायदा विकण्यापेक्षा बरे साधन आहे. पण त्याने सगळी जोखीम जाते असे जे सांगितले जाते ते खरे नाही. जी जोखीम उरते ती नेमकी अकोला आणि अमरावतीच्या माणसाची आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. आपल्या बाजारांत याला तेजी-मंदी म्हणत. 'मंदी' घेणारा थोडा नजराणा देऊन ठरलेल्या भावाने माल विकण्याचा हक्क घेई. भाव पडला तर हक्क वापरायचा, चढला तर नजराणा सोडून द्यायचा. पुट म्हणजे तीच मंदी आणि प्रीमियम म्हणजे तोच नजराणा. यातून सट्टा फार बोकाळला म्हणून मुंबई प्रांतात १९३९ साली कायदा करून कापसातल्या अशा सौद्यांवर बंदी आली, आणि १९५२ च्या वायदे सौदे कायद्याने ती देशभर सर्व मालांना लागू झाली. २०१५ मध्ये मालाच्या वायदेबाजाराची देखरेख सेबीकडे गेली. २०१७ मध्ये तिने ऑप्शनला परवानगी दिली. शेतमालात पहिला ऑप्शन एनसीडीईएक्सवर जानेवारी २०१८ मध्ये गवार बियांचा निघाला. पुढे चणा आणि सोयाबीनवरही ऑप्शन आले.

ही गाडी फार दूर गेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चण्याचे नवे वायदे थांबवले गेले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात मालांचे सौदे एका वर्षासाठी स्थगित झाले. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. त्यातली एक वाढ ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. वायदाच नसला तर त्यावरचा पुट कुठून येणार? भाव पडण्यापासून स्वतःला वाचवू पाहणाऱ्याचे साधन महागाई रोखण्याच्या नावाखाली काढून घेतले गेले, हे मला पटत नाही. पण सौदे पुन्हा खुले झाले की उठून पुट घ्यायला धावावे, हेही मला पटत नाही. का, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण वागणूक बाजाराची आहे.

अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने नोव्हेंबरात २०० क्विंटल सोयाबीन ४,४०० रुपयांनी घेतले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विकायचा विचार आहे. कोठाराचे भाडे, हमाली, बारदाना, सुकून होणारी घट आणि अडकलेले भांडवल मिळून क्विंटलला ६० रुपये लागतील असे धरू. म्हणजे माल त्याला ४,४६० ला पडला. त्या दिवशी जानेवारीचा वायदा ४,६५० वर आहे. त्याने ४,६०० चा पुट क्विंटलला ११० रुपये प्रीमियम देऊन घेतला. हे २२,००० रुपये सुरुवातीलाच गेले, पण त्यापुढे कोणी पैसे मागायला येणार नाही. वायदा विकला असता तर आधी मार्जिन भरावे लागले असते, आणि भाव चढत गेला तर रोज वरून रक्कम भरावी लागली असती. भांडवल कोठारात अडकलेले असताना ही रोजची मागणी लहान माणसाला मारते. तेजीत कोठारातला माल वाढत्या किमतीचा होत असतो, पण रोकड मात्र हातात नसते. पुट बरा म्हणतो तो यासाठी.

आता मुद्दा. पुट ज्या वायद्यावर आहे तो सोयाबीनच्या बाबतीत इंदूरच्या भावाचा वायदा आहे. मालही ठरलेल्या प्रतीचा: ओल १०, माती-कचरा २, डागी २ टक्के. आपला व्यापारी विकणार अकोल्यात, आणि त्याच्या ढिगात जे आहे तेच विकणार. अकोल्याचा भाव आणि वायदा यांतल्या फरकाला बेसिस म्हणतात. खरेदीच्या दिवशी अकोला ४,४०० आणि वायदा ४,६५०, म्हणजे अकोला २५० ने खाली. जानेवारीत आवक ओसरेल, माल सुकेल, आणि अंतर १५० वर येईल असा त्याचा अंदाज आहे. तसे झाले तर त्याचा तळ किती? पुटचे ४,६०० घ्या, त्यातून प्रीमियमचे ११० वजा करा, अंतराचे १५० वजा करा. राहिले ४,३४०. या तळातही क्विंटलला १२० रुपये तोटा आहेच. पुट तोटा बांधून देतो, नफा देत नाही.

समजा वायदा घसरून ४,००० वर आला आणि अंतर अंदाजाप्रमाणे १५० राहिले. अकोल्यात ३,८५० मिळाले. पुटचे ६०० आले, प्रीमियम वजा जाता ४९०. एकूण ४,३४०. २०० क्विंटलला तोटा २४,००० रुपये. पुट नसता तर तो १,२२,००० झाला असता. उलट वायदा ५,२०० ला गेला तर पुट रद्दी झाला, पण अकोल्यात ५,०५० मिळाले. प्रीमियम आणि खर्च जाऊन ९६,००० रुपये नफा राहिला.

आता तिसरी गोष्ट. ही दलालाच्या कागदावर सहसा नसते. वायदा फारसा हलत नाही, ४,६०० वरच आहे. पण काढणीच्या वेळी पाऊस झाल्याने या भागात डागी माल जास्त आला, जवळच्या प्लॅन्टची कोठारे भरली, ट्रकभाडे वाढले. अंतर १५० वर येण्याऐवजी ३२० झाले. अकोल्यात ४,२८० मिळाले. पुटचे? एक पैसाही नाही, कारण वायदा ४,६०० च्या खाली गेलाच नाही. प्रीमियम वजा जाता हातात ४,१७० राहिले. खर्च धरून क्विंटलला २९० आणि २०० क्विंटलला ५८,००० रुपये तोटा. देशाच्या बाजारात मंदी आलीच नाही, मंदी आली ती फक्त आपल्या बाजारात. तिचा विमा उतरवलेलाच नव्हता. आणि वायदा ४,००० वर पडून अंतर ३२० झाले असते तरी हातात तेच ४,१७० राहिले असते. पुटने वायद्याची बाजू सांभाळली, अकोल्याची बाजू तशीच उघडी राहिली.

हे अंतर कशाने हलते, हे व्यापाऱ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? ओलीचा माल, एकाच आठवड्यात लोटलेली आवक, समितीत बंद पडलेले लिलाव, प्लॅन्टची मागणी. हमीभावाने सरकारी खरेदी जोरात झाली तर गावचा भाव सावरतो, ती रेंगाळली तर खचतो. अमरावतीच्या व्यापाऱ्याचे अंतर आणखी वेगळे. त्याचा माल अकोल्याकडे जायचा तर सुमारे शंभर किलोमीटरचे भाडे, आणि गिऱ्हाईक नागपूरच्या बाजूचे असेल तर हिशेब दुसराच. म्हणून एका गावाचा आकडा दुसऱ्याने वापरू नये. अकोला हे वायद्याचे जादा डिलिव्हरी केंद्र होते, त्यामुळे अंतर फारच वाढले तर वायद्यातच माल देण्याचा मार्ग निघतो हे खरे. पण त्यासाठी माल प्रतीत बसला पाहिजे, मान्य कोठारात गेला पाहिजे, आणि डागी मालाला तिथे दार बंद असते. नेमक्या वाईट वर्षी हा मार्ग उपयोगी पडत नाही.

आणखी एक व्यवहाराची अडचण. पुटची मुदत वायद्याच्या आधी संपते, आणि मुदतीला तो नफ्यात असेल तर रोख हातात येत नाही, वायद्यातला विक्रीचा सौदा गळ्यात पडतो आणि त्याला मार्जिन लागते. ज्याला माल गावातच विकायचा आहे त्याने माल विकला त्याच दिवशी पुटही बाजारात विकून मोकळे व्हावे. दोन्हींत आठवड्याचे अंतर पडले तर तेवढे दिवस एक पाय हवेत. आणि विकायच्या वेळी गिऱ्हाईक हवे. शेतमालाच्या ऑप्शनमध्ये खरेदीदार इतके विरळ असत की कागदावरचे ६०० प्रत्यक्षात कमी मिळू शकतात. पुट घेण्यापूर्वी त्या भावावर रोज किती सौदे होतात हे पाहावे. आकडा शून्याजवळ असेल तर घेऊच नये.

आपल्यापैकी पुष्कळांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे: हे जायज आहे का? जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्‌ह अकादमीने १९९२ च्या बैठकीत बाजारातल्या ऑप्शनचे सौदे नाजायज ठरवले. कारण असे दिले की ज्याची किंमत दिली जाते तो हक्क म्हणजे ना माल, ना मालाचा उपभोग, ना किंमत घेण्याजोगा आर्थिक हक्क. हा निर्णय मानणाऱ्याला वरचा हिशेब केवळ समजून घेण्यापुरता आहे. त्याने जोखीम कमी करण्याचा जुना मार्ग धरावा: सगळा माल एका तारखेसाठी न धरता तिसरा हिस्सा लगेच, तिसरा महिन्याने, उरलेला शेवटी विकावा.

हा मार्ग पुट घेणाऱ्यानेही विचारात घ्यावा. वरच्या उदाहरणात प्रीमियम ११० आणि अंतराचा हेलकावा १७० रुपयांचा. दोन्ही मिळून २८० झाले. भाव साधारणपणे तीनशेच्या आतबाहेर हलत असेल अशा हंगामात एवढा खर्च करून काय मिळाले? तिथे निम्मा माल विकून टाकणे स्वस्त. पुट कामाचा ठरतो तो सरकारच्या एका आदेशाने भाव हजारांनी पडण्याची भीती असते तेव्हा. ऑगस्ट २०२१ मध्ये बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, आणि दहा हजाराच्या आसपास पोहोचलेले सोयाबीन काही आठवड्यांत कोसळले. अशा पडझडीपुढे दीडशे-दोनशेचा हेलकावा किरकोळ असतो.

म्हणून वही घाला. दर सोमवारी आपल्या समितीचा सर्वसाधारण भाव एका रकान्यात, इंदूरच्या प्लॅन्टचा भाव दुसऱ्यात, वजाबाकी तिसऱ्यात, आणि बाजूला मालाची ओल आणि आवक. वायदा सुरू असेल तेव्हा त्याचा चौथा रकाना. तीन हंगाम झाले की नोव्हेंबरात अंतर किती असते, जानेवारीत किती उरते, आणि सर्वांत वाईट आठवड्यात किती होते, हे दिसेल. तळ काढताना सरासरी नव्हे, तो सर्वांत वाईट आकडा धरा. त्यानेही खर्च झेपत असेल तरच दलालाला फोन करा.