‘ठीक आहे, दोन आठवड्यांनी या’ ही नोंद नव्हे

ऑगस्टमध्ये औंढ्याच्या एक मावशी चालताना पाय दुखतो म्हणून आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) १० जुलैला भातलावणीच्या वेळी बांधावरून घसरून त्यांच्या डाव्या नडगीचं हाड मोडलं होतं. मांडीपर्यंत प्लास्टर, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तीन एक्स-रे आणि तीन चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवर ‘प्लास्टर घातले’, दुसरीवर ‘पोझिशन ठीक, सी.एस.टी.’, म्हणजे आहे तेच चालू ठेवा. तिसरीवर ‘प्लास्टर बदलले, एन.डब्ल्यू.बी., दोन आठवड्यांनी या’.

तिन्ही फिल्म मी एका ओळीत लावल्या आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत रेघ मारून हाडाचा बाक मोजला. १० जुलैला मोडलेला खालचा तुकडा २ अंश आत झुकलेला होता, २२ जुलैला ४ अंश, ३ ऑगस्टला ७. त्या दिवशी, म्हणजे १७ ऑगस्टला, नवीन एक्स-रे काढला तर ९.

नडगीचा बाजूचा बाक साधारण ५ अंशांपर्यंत चालवून घेतात. त्यामुळे २२ जुलैचं ‘ठीक’ खोटं नव्हतं. २ आणि ४ मधला फरक मोजणीतल्या चुकीनेही येऊ शकतो, पाय थोडा फिरवून फिल्म काढली तरी येतो. पण मावशींचं शेजारचं बारीक हाड शाबूत होतं आणि अशा वेळी नडगी आत झुकते, हे ऑर्थोपेडिक्स शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. ४ हा आकडा लिहिला असता तर ३ ऑगस्टला ७ पाहणारा थबकला असता. त्या वेळी चोविसावा दिवस होता. हाड अजून मऊ जुळणीत होतं, प्लास्टरला काप देऊन पाचर बसवली असती तर बाक सरळ करता आला असता. अडतिसाव्या दिवशी ते सोपं राहिलं नव्हतं. मावशींना ऑपरेशन करून घ्यावं लागलं.

आता चालण्याचं. मी विचारलं, ‘मावशी, पायावर वजन टाकू नका असं सांगितलं होतं ना?’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, वजन उचलू नका म्हणाले, मी हंडा काय, कळशीसुद्धा उचलली नाही.’ आणि घरात चालत होत्या! ‘वजन घेऊ नका’ या आपल्या वाक्याचा अर्थ गावात असाच लागतो. दोष मावशींचा नाही. ‘डावं पाऊल जमिनीला टेकवायचं नाही, वॉकर घ्यायचा’ असं लिहा. थोडा भार चालणार असेल तर वजनकाट्यावर पाय ठेवून १०–१५ किलो म्हणजे किती ते दाखवा आणि तो आकडा लिहा. चालण्यानेच हाड सरकलं असंही मी म्हणणार नाही. डॉ. सार्मिएंतो यांनी १९६७ मध्येच नीट बसवलेल्या गुडघ्याखालच्या प्लास्टरमध्ये नडगीचे रुग्ण चालते केले होते. इथे सूज उतरल्यावर प्लास्टर सैल झालं होतं आणि ते किती दिवस सैल होतं हे कुठेच लिहिलेलं नाही. बदलल्यानंतर एक्स-रेही काढला नव्हता.

सहकारी म्हणतात, ओपीडीत साठ माणसं, कोण लिहीत बसणार? मला हे पटत नाही. मोडल्यापासूनचा दिवस आणि प्लास्टर घट्ट की सैल हे सिस्टर लिहू शकतात. डॉक्टरांनी बाकाचा आकडा, आधीच्या फिल्मशी तुलना आणि चालण्याचा सल्ला एवढंच लिहायचं. एक मिनिट लागतं. दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असा २००२ चा नियम आहे. ओपीडीतून प्लास्टर घालून घरी गेलेल्या माणसाची मात्र ती पिशवी हीच फाईल.

अशा पिशवीतून मागच्या भेटींची नोंद तयार करताना एक पथ्य पाळावं लागतं. चिठ्ठीतले शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि आपण आज फिल्म पाहून काढलेला अर्थ वेगळ्या रकान्यात, आजच्या तारखेने लिहायचा. तारीख चिठ्ठीवरची न घेता फिल्मवर छापलेली घ्यायची, कारण एक्स-रे कधीकधी आदल्या दिवशी लोणावळ्यात काढलेला असतो. जे लिहिलेलंच नाही तिथे ‘नोंद नाही’. मावशींची तिसरी ओळ अशी झाली: ‘३ ऑगस्ट, दिवस २४. चिठ्ठी: प्लास्टर बदलले, एन.डब्ल्यू.बी. बदलल्यानंतरचा एक्स-रे: नोंद नाही. १७ ऑगस्टला फिल्म पाहून: आत बाक ७ अंश, आधी ४. रुग्णाला समजलेला सल्ला: हंडा उचलायचा नाही.’

सर्जनना मी हाच कागद पाठवला. त्यांनी आधी ती तिसरी ओळ वाचली आणि मग फिल्म मागितल्या.