वक्ररेषा आपोआप वाकत नाही!

पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर प्रदूषण. उत्पन्न वाढते तसे प्रदूषण आधी चढते, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. हाच तो उलटा ‘यू’, पर्यावरणीय कुझनेट्स वक्र. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि मनाशी खूणगाठ बांधतात, की आधी श्रीमंत व्हावे, हवा पुढे आपसूक सुधारेल. ही समजूत साफ खोटी आहे, आणि ती वर्गाबाहेर पडून मंत्रालयात जाऊन बसली आहे!

सायमन कुझनेट्सने 1955 मध्ये लिहिले ते उत्पन्नाच्या विषमतेवर, प्रदूषणावर नव्हे. प्रदूषणाचा वक्र मांडला तो 1991 मध्ये जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी, उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराच्या वादात. निरनिराळ्या देशांतील शहरांच्या हवेच्या नोंदी घेऊन त्यांनी सल्फर डायऑक्साइडचे शिखर शोधले. पण 1995 च्या निबंधात त्यांनीच बजावले, की ही उतरण आपोआप घडते असे मानायला आधार नाही. उत्पन्न वाढल्यावर लोक कडक नियम मागतात, त्या नियमांमुळे ती घडते. पुढे 2002 मध्ये हार्बो, लेव्हिन्सन आणि विल्सन यांनी त्याच प्रकारची आकडेवारी दुरुस्त करून आणि वाढवून पाहिली, तेव्हा तो डौलदार आकार टिकलाच नाही. मूळ लेखकांचा इशारा गाळून केवळ आकृती शिकवणे ही विद्यार्थ्यांची फसवणूक आहे.

नियमांवाचून उतरण का घडत नाही, याचे उत्तर त्याच विषयाच्या दुसऱ्या धड्यात आहे: बाह्य खर्च. समजा, एका औष्णिक केंद्राला वीज बनवायला युनिटमागे 4 रुपये लागतात, आणि धुरामुळे आसपासच्या लोकांच्या छातीचे, पिकांचे 1 रुपयाचे नुकसान होते. धूर धुणारी यंत्रणा बसवली तर खर्च 30 पैशांनी वाढेल. समाजाच्या हिशेबात 30 पैसे घालून रुपया वाचवणे हा उघड फायदा आहे. पण तो रुपया केंद्राच्या वहीत चढतच नाही! तो भरतो दम्याचा रुग्ण. केंद्राचे उत्पन्न दुप्पट झाले, दसपट झाले, तरी 30 पैसे वाचवण्याचाच मोह राहणार. ए. सी. पिगूने हे दुखणे 1920 मध्येच सांगितले आणि औषधही: नुकसानीइतका कर लावा. म्हणजे कर किंवा सक्तीचा नियम आल्यावाचून वक्र वळत नाही.

पुरावा शेजारीच आहे. चीनचा सल्फर डायऑक्साइड 2007 नंतर झपाट्याने उतरला. तेव्हा त्या देशाचे दरडोई उत्पन्न चालू भावाने सुमारे 2,700 डॉलर होते. आज भारताचे जवळपास तेवढेच आहे. तिथे सरकारने वीजकेंद्रांवर चुनखडीच्या द्रावणाने धूर धुणाऱ्या यंत्रणा सक्तीने बसवल्या. आपल्याकडे डिसेंबर 2015 मध्ये मर्यादा ठरली, दोन वर्षांची मुदत दिली गेली, आणि मग मुदतीमागून मुदत वाढत गेली. 2017 मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून संशोधकांनी सांगितले, की चीनचे उत्सर्जन दशकात 75 टक्के घटले आणि भारताचे 50 टक्के वाढले. शेवटी जुलै 2025 च्या अधिसूचनेने सुमारे 78 टक्के केंद्रांना या यंत्रणेतून मोकळेच केले!

कारण काय दिले? आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे. हा युक्तिवाद अपुरा आहे. चिमणीतून निघालेला वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो, शेकडो किलोमीटर जातो आणि पीएम 2.5 म्हणून मोजला जातो. केंद्राजवळ फक्त वायू मोजून निर्दोष ठरवणे म्हणजे अर्धाच गुन्हा तपासणे. चंद्रपूरसारख्या गंभीर प्रदूषित म्हणून नोंदलेल्या भागातही आता केंद्रागणिक निर्णय होणार आहे.

या वक्राची आणखी एक मर्यादा विसरू नये. सल्फर डायऑक्साइड जवळपासच्या लोकांना जाचतो, म्हणून त्याच्याविरुद्ध ओरड तरी होते. कार्बन डायऑक्साइडचा मार साऱ्या जगावर पसरतो, करणारा आणि भोगणारा यांचा संबंधच तुटतो. त्याच्यासाठी विश्वासार्ह शिखर कुणाला दाखवता आलेले नाही.

म्हणून आमची मागणी आहे: सवलत मागे घ्या, प्रत्येक केंद्राच्या चिमणीतील नोंदी लोकांसमोर ठेवा, आणि युनिटच्या दरात धुराचे नुकसान मोजा. आणि प्राध्यापकांनो, उलटा ‘यू’ फळ्यावर काढाल त्या दिवशी पिगूचा कर शेजारीच मांडा.